पेंडुलमची नोंद: ९.७४ आलं, पण चुकून

भाचीने पुण्याहून अकरावीच्या जर्नलमधल्या एका पानाचा फोटो पाठवला. 'मामा, यातून g काढून बघ ना, माझं उत्तर ९.७४ येतंय.' पुण्यात g, म्हणजे गुरुत्व त्वरण, साधारण ९.७८ असतो, म्हणजे उत्तर झकास. मी मात्र आधी तक्ता वहीत उतरवून घेतला, कारण फोटोत एका बाजूला सावली होती.

लांबी सेंटिमीटरमध्ये: ६०, ७०, ८०, ९०, १००. वीस दोलनांचा वेळ सेकंदांत: ३१.६, ३४.१, ३४.६, ३८.५, ४०.६.

तिने प्रत्येक ओळीत वेळेला २० ने भागून T काढला, g = 4π²L/T² मध्ये घातला आणि पाचही उत्तरांची सरासरी घेतली. तेच मी ओळीओळीने केलं: ९.४९, ९.५१, १०.५५, ९.५९, ९.५८. चार ओळी कमी दाखवतात, एक भलतीच जास्त, आणि दोन्ही चुका एकमेकींना सांभाळून घेतात. तिसरी ओळ काढली की सरासरी थेट ९.५४ वर येते.

तिसरी ओळ आकडेमोड न करताही खटकायला हवी होती. लांबी दहा सेंटिमीटरने वाढली की वेळ दोन-अडीच सेकंदांनी वाढतो, इथे मात्र अर्ध्याच सेकंदाने वाढलाय. आधी वाटलं, ३६.४ चे आकडे उलटे लिहिले गेले. पण बटण दाबताना 'शून्य' ऐवजी 'एक' म्हटलं तर प्रत्यक्षात १९ च दोलनं होतात, आणि त्यांचा वेळही ३४.६ च येतो! दोन्हींपैकी कुठलं ते कागदावरून कळणं शक्य नाही. म्हणून ती ओळ दुरुस्त केली नाही, सरळ वगळली.

उरलेल्या चार ओळी एकाच दिशेने चुकतात, आणि लांबी कमी असेल तिथे जास्त. म्हणजे प्रत्येक लांबीत ठरावीक काहीतरी कमी धरलं गेलंय. अशा वेळी सरासरी कामाची नाही, आलेख काढावा. L मीटरमध्ये आडवा, T² उभा. स्प्रेडशीटमध्ये `=SLOPE(C2:C5,A2:A5)` ने चढ ४.०४८ आला. 4π² ला त्याने भागलं की g = ९.७५. कमी धरलेली लांबी चढात येतच नाही. रेषा मात्र शून्यातून न जाता T² च्या अक्षाला ०.०६९ वर छेदते. त्याला ४.०४८ ने भागलं की १.७ सेंटिमीटर.

फोन करून विचारलं, 'दोरा कुठपर्यंत मोजलास?'

'हुकापर्यंत.'

लांबी मोजायची असते गोळीच्या केंद्रापर्यंत. हूक ८ मिलिमीटर, गोळीची त्रिज्या १ सेंटिमीटर. जमलं.

हाताने दाबलेल्या स्टॉपवॉचची ०.१ सेकंदाची चूक धरली तर या चढातून येणारा g ०.१ च्या आसपास इकडेतिकडे होऊ शकतो, त्यामुळे ९.७५ मधल्या शेवटच्या पाचावर मी भांडणार नाही. शनिवारी ती ८० ची ओळ पुन्हा घेणार आहे, 'शून्य' पासून मोजत.