तिसऱ्या वक्त्यानंतरचा दुवा

आमच्या कारखान्यातल्या भांडारप्रमुखांच्या निरोप समारंभाचं सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. असे कार्यक्रम माझ्याकडेच येतात आणि मी ते मनापासून करते. पण दोन वक्त्यांना जोडणारा या वेळचा एक दुवा अजून डोक्यातून जात नाही.

या कामातलं निम्मं काम फोनवर होतं. प्रत्येक वक्त्याला मी आधीच विचारून ठेवते, "नेमका कोणता प्रसंग सांगणार?" 'साहेब फार शिस्तीचे' एवढंच पाच जणांनी सांगितलं की सभागृह पेंगायला लागतं. मग प्रत्येक वक्त्याचं एक सुटं कार्ड करते, म्हणजे ऐनवेळी क्रम बदलला तरी अडत नाही. कार्डाचा वरचा अर्धा भाग कोरा असतो. आधीचा वक्ता बोलत असताना त्याच्या बोलण्यातली एखादी वस्तू, एखादा शब्द तिथे पेन्सिलीने टिपायचा. खालच्या अर्ध्यात पुढच्या वक्त्याची दोन वाक्यांत ओळख, आणि नाव अगदी शेवटी. नाव आधी घेतलं की टाळ्या सुरू होतात, माणूस चालायला लागतो आणि उरलेली ओळख कुणालाच ऐकू येत नाही.

सुरुवातीला चारोळी म्हणायची पद्धत मला पटत नाही. कुणाच्याही निरोपाला चालेल अशी ओळ त्या माणसाची नसते. मी सुरुवात अशी लिहिली होती :

"आज सकाळी भांडाराच्या चाव्यांचा जुडगा मोजून दुसऱ्या हाती गेला. मोजणाऱ्यांनी तो दोनदा मोजला, कारण तशी सवय साहेबांनीच लावली आहे. त्या सवयीसह त्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत."

सभागृह हसलं, साहेबही हसले. पहिले दोन वक्ते छान झाले. दुसऱ्यांनी वार्षिक साठामोजणीची गोष्ट सांगितली. एक खोकं कमी भरलं म्हणून सगळे उशिरापर्यंत थांबले होते. मी 'खोकं' टिपलं आणि जोडलं, "ते खोकं शेवटी सापडलं. पण मागितलेली वस्तू समोर असूनही मिळाली नाही, असा अनुभव उत्पादन विभागाला आहे. त्या विभागाचे आपले ज्येष्ठ सहकारी..."

हे सहकारी फोनवर म्हणाले होते की एक गमतीची गोष्ट सांगतो. माईकवर मात्र गंमत उरली नाही. रात्रपाळीत यंत्राचं बेअरिंग गेलं. त्यांनी साहेबांना घरी फोन केला. साहेबांनी सांगितलं, मागणीची चिठ्ठी सहीनिशी आल्याशिवाय भांडार उघडायचं नाही. सही करणारं कुणी पाळीवर नव्हतं, यंत्र सकाळपर्यंत बंद राहिलं. "त्यानंतर आम्ही कामापुरतंच बोललो. मला अजून राग आहे. पण आज आलो नसतो तर तो चुकीचा ठरला असता," एवढं म्हणून ते खाली बसले.

टाळ्या तुटक पडल्या. पुढचं कार्ड भांडारातल्या तरुण सहाय्यकाचं होतं आणि त्यावर 'या करड्या शिस्तीमागचा हळवा माणूस' अशी ओळ होती. ती वाचणं म्हणजे नुकतंच बोलून बसलेल्या माणसाला सगळ्यांसमोर खोटं पाडणं. विनोद केला असता तर त्यांचा राग हास्यास्पद झाला असता. मी ती ओळ सोडली आणि म्हणाले :

"त्या रात्री यंत्र बंद होतं, आणि त्या रात्री चिठ्ठीही नव्हती. दोन्ही खरं आहे. अशा चिठ्ठ्या रोज ज्यांच्या टेबलावर येतात, त्या आपल्या सहकाऱ्यांना मी बोलावते."

मुलगा तयार केलेला कागद न उघडताच बोलला. रात्रपाळीच्या पर्यवेक्षकाला सहीचा अधिकार असलेलं वेगळं चिठ्ठीपुस्तक भांडारात आहे. ते साहेबांनी त्या घटनेनंतर आठवड्याच्या आत मंजूर करून आणलं होतं. त्याला हे जुन्या नोंदवहीत दिसलं होतं. साहेबांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. उत्पादनवाल्यांनी मान वर करून साहेबांकडे पाहिलं. साहेब टेबलाकडे बघत होते, आणि नंतरच्या मनोगतात त्यांनी या प्रकाराचा उल्लेखही केला नाही.

कार्यक्रमानंतर आयोजक मला म्हणाले, "ताई, सावरून घ्यायला हवं होतं. साहेबांच्या घरचे पुढे बसले होते." आयोजकांना प्रत्येक निरोप गुळगुळीत हवा असतो. वक्त्याचं म्हणणं पुसण्याचा अधिकार सूत्रसंचालकाला नाही, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं, आणि त्यावर मी ठाम आहे.

मला खटकतं ते वेगळं. 'दोन्ही खरं आहे' हा दुवा होता की निवाडा? फक्त 'त्या रात्री चिठ्ठी नव्हती' म्हटलं असतं तर मी साहेबांची बाजू घेतल्यासारखं झालं असतं. नुसतं नाव पुकारलं असतं तर तो राग तसाच हवेत राहिला असता आणि त्या मुलाने बहुधा हातातला कागदच वाचला असता. घरच्यांच्या बाजूने पाहिलं, तर त्यांनी ही गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली असेल, तीही भर सभेत, आणि माझ्या वाक्याने ती आणखी पक्की झाली. या दोन बाजूंपैकी कोणती जड, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.