'वापरकर्त्याने' ते 'तुम्ही'

ठिबक सिंचनाच्या फिल्टरचं माहितीपुस्तक माझ्याकडे आलं ते असं: "दोन्ही दाबमापकांमधील फरक ०.५ कि.ग्रॅ. प्रति चौ.सें.मी.पेक्षा अधिक आढळल्यास वापरकर्त्याने गाळणीचे झाकण उघडण्यापूर्वी पंप बंद करून दाब निरस्त झाल्याची खात्री करावी." कंपनीला हेच शेतकऱ्याशी बोलल्यासारखं हवं होतं.

पहिल्या दिवशी मी आळस केला. 'वापरकर्त्याने'च्या जागी सगळीकडे 'तुम्ही' घातलं. 'तुम्ही खात्री करावी' वाचलं आणि वाटलं, वकिलाची नोटीस आली. मग सगळ्या 'करावी'चं 'करा' केलं. कानाला बरं लागलं, म्हणून गावाकडच्या चुलतभावाला फोन लावला, फिल्टरजवळ उभं राहायला सांगितलं आणि वाचून दाखवलं: "झाकण उघडण्यापूर्वी मोटर बंद करा." 'झाकण' ऐकताच त्याचा हात क्लॅम्पवर गेला होता, मोटर चालू असताना! 'पूर्वी' हा शब्द त्याच्या कानावर पोचेपर्यंत उशीर झाला होता. म्हणजे नुसता पुरुष बदलून भागणार नव्हतं, वाक्यांचा क्रम हाताच्या क्रमाने लावायला हवा होता:

"फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही गेज बघा. फरक ०.५ च्या वर गेला, तर फिल्टर तुंबलाय. मोटर बंद करा. दोन्ही काटे शून्यावर येऊ द्या. मग झाकण उघडा."

पुढे अडलो ते "गाळणी उलट प्रवाहाने धुतली जाते" इथे. कोण धुतं? मूळ मजकुराला ते सांगायची गरजच पडली नव्हती. 'तुम्ही' लिहायला घेतलं की कर्ता द्यावाच लागतो. इंजिनिअरला विचारलं, तर एका मॉडेलमध्ये ते आपोआप होतं, दुसऱ्यात व्हॉल्व्ह हाताने फिरवावा लागतो. एकाच वाक्यावर दोन्ही मॉडेलं निभावली होती! मी त्याचे दोन वेगळे भाग केले.

'आपण' मात्र कटाक्षाने टाळलं. "आता आपण व्हॉल्व्ह बंद करू" यात व्हॉल्व्ह नक्की कोण बंद करणार, वाचणारा की कंपनीचा माणूस? आणि "तुम्ही एकटे असाल तर" हेही काढलं, कारण शेतात ड्रिप बघणारी बाई असेल तर ती 'एकटी' असते. "सोबत कुणी नसेल तर" लिहून सुटलो.

नळ्यांत साचलेले क्षार काढायच्या आम्ल प्रक्रियेच्या पानावर मी गोडवा ठेवलाच नाही. पहिल्या खर्ड्यात "घाबरू नका, सोपं आहे" असं लिहिलं होतं, ते खोडलं. तिथे आता एवढंच आहे: "आधी पाणी घ्या. त्यात आम्ल हळूहळू ओता. आम्लात पाणी कधीही ओतू नका. ते उकळून अंगावर उडतं."