उजव्या बाजूची खुर्ची

"काल पहिल्यांदा भेटलो. मला छान वाटलं. आता सकाळी थँक्यूचा मेसेज टाकायचाय, पण चिकटपणाही नको आणि कोरडेपणाही नको. पुन्हा भेटायचं की नाही हे त्याच्यावर लादायचंही नाही. काय लिहू?"

तुम्ही विचारलंत म्हणून आधी माझीच चूक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी मी लिहिलं होतं, "काल खूप छान वाटलं. थँक्यू. पुन्हा नक्की भेटू!" मी ते अगदी मनापासून लिहिलं होतं. त्याचं उत्तर आलं, "हो, नक्की." त्यानंतर दोघांकडूनही काही नाही. वर्षभराने एका मित्राच्या घरी गाठ पडली तेव्हा तो म्हणाला, "मला वाटलं तू सभ्यपणे निरोप घेतलास." त्याचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडे 'पुन्हा नक्की भेटू' हे आपण लग्नात भेटलेल्या लांबच्या नातेवाइकालाही म्हणतो आणि गाडीतल्या सहप्रवाशालाही. जिथे भेट ठरवायची नसते तिथेच हे वाक्य सर्वात जास्त वापरलं जातं. मला वाटलं होतं मी दार उघडं ठेवलंय, आणि त्याला ते लोटून घेतल्यासारखं वाटलं.

तेव्हापासून कुणी असा मेसेज दाखवायला आणला की मी आधी शेवटचं वाक्य वाचते. मागच्या वर्षी माझी मावसबहीण फोन घेऊन आली. तिने लिहिलं होतं, "हाय! काल खूप मजा आली. तू खूप छान आहेस. सगळ्यासाठी थँक्यू. मग परत कधी भेटायचं?" यात खोटं काहीच नव्हतं. पण 'सगळ्यासाठी' म्हणजे नेमकं कशासाठी, ते कळत नव्हतं, आणि शेवटच्या प्रश्नाने त्या बिचाऱ्याला सकाळी सकाळी तारीख सांगायला उभं केलं होतं. ज्याला अजून स्वतःचंच कळलेलं नाही, त्याने या प्रश्नाला काय म्हणायचं? हो म्हटलं तर घाई होते आणि थांबतो म्हटलं तर नकारासारखं ऐकू येतं. म्हणून बरेच जण काहीच बोलत नाहीत.

मी तिला एवढंच विचारलं, "काल घरी येताना सारखं काय आठवत होतं?" ती लगेच म्हणाली, "खुर्ची." तिला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. गप्पांच्या ओघात तिने ते ओझरतं सांगितलं होतं. त्यावर त्याने एकही प्रश्न विचारला नाही. तो उठला, खुर्ची उचलली आणि तिच्या उजव्या हाताला येऊन बसला, आणि अर्धवट राहिलेलं वाक्य पुढे सुरू केलं. हे सांगताना तिचा आवाज बदलला होता. मेसेज तिथेच होता, तिच्या मसुद्यात मात्र त्याचा मागमूस नव्हता.

आम्ही बसून लिहिलं ते असं: "काल मी कानाचं सांगितल्यावर तू काही न विचारता उठून माझ्या उजव्या बाजूला येऊन बसलास. त्यानंतर मला एकदाही 'काय म्हणालास?' असं विचारावं लागलं नाही. घरी येईपर्यंत तेच आठवत होतं. थँक्यू. मला तुला पुन्हा भेटायला आवडेल. तुलाही तसं वाटलं तर सांग, सावकाश सांगितलंस तरी चालेल."

यात आभार एका कृतीचे आहेत. 'तू छान आहेस' हा शेरा झाला. तो वाचून माणूस सुखावतो, पण त्याला उत्तर काय द्यावं ते सुचत नाही. 'तू उजवीकडे येऊन बसलास' हे वाचून त्याला कळतं की आपण केलेलं हिच्या लक्षात आलं. कौतुकाचं विशेषण एकही नाही, तरी जिव्हाळा पोचतो. दिसण्याबद्दल लिहू नये असं मी म्हणणार नाही, पण पहिल्याच सकाळी मी ते मागे ठेवीन.

एक पथ्य मात्र पाळा. समोरच्याने काल विश्वासाने काही सांगितलं असेल, घरातलं आजारपण, मोडलेलं नातं, तर ते तपशिलासह लिहून परत पाठवू नका. बोलताना हलकं झालेलं मन तेच अक्षरात वाचताना आखडतं. तिथे "काल मोकळेपणाने बोललास, बरं वाटलं" एवढं पुरे.

आता शेवटची दोन वाक्यं. 'मला आवडेल' यात तिची इच्छा स्पष्ट आहे, तिथे आडपडदा नाही. अनेक जण दार उघडं ठेवायचं म्हणून स्वतःची इच्छाच धूसर करतात, "बघू जमलं तर कधीतरी" असं लिहितात, आणि समोरच्याला ते नको असल्यासारखं वाटतं. आपलं मन स्पष्ट सांगावं, मोकळं सोडायचं ते त्याचं. म्हणून शेवटी प्रश्नचिन्ह नाही. बहिणीला पुढे "नसेल वाटत तरी हरकत नाही" असंही घालायचं होतं. मी ते काढायला लावलं. त्याने नकार दिलेला नसताना आपणच तो त्याच्या हातात कशाला द्यायचा?

भाषा कालचीच ठेवा. काल 'तुम्ही' म्हणत होतात तर सकाळी एकदम 'तू' नको, आणि काल 'थँक्यू' म्हणणाऱ्याने आज 'मनःपूर्वक आभार' लिहिलं तर सत्काराचं पत्र वाटतं. वेळ म्हणाल तर साधारण नऊ ते अकरा. रात्री एक वाजता लिहिलेलं सकाळी पुन्हा वाचा, निम्मं आपोआप गळतं. आणि पुन्हा भेटायची इच्छा नसेल तर आभार माना पण शेवटची दोन वाक्यं लिहू नका. खोटी आशा ठेवून गोड बोलणं मला क्रूर वाटतं.

पाठवल्यावर दुसरा मेसेज नाही. निळ्या खुणा दिसल्या तरी नाही. बहिणीने साडेनऊला पाठवला, त्याने दहाला वाचला, आणि दुपारी चारपर्यंत ती मला तीनदा फोन करून विचारत होती की "वाचलास का?" एवढं तरी लिहू का. मी तिन्ही वेळा नको म्हटलं. ते दोन शब्द गेले असते तर 'सावकाश' हा शब्द खोटा ठरला असता.

उत्तर आलं की ते कशाला आलंय ते पाहा. "मलाही छान वाटलं, काळजी घे" असं आलं, आणि त्यात कालच्या भेटीतलं काहीच नसेल, तर मी ते बहुधा सौम्य नकार समजेन आणि तिथेच थांबेन. त्याच्याकडून रात्री आलं ते असं: "माझ्या आजीलाही एकाच कानाने ऐकू यायचं. तिच्याजवळ बसायचं तर बाजू बघूनच बसायची सवय लागली होती. काल मी उठलो ते माझ्या लक्षातही नव्हतं, तू लिहिलंस तेव्हा आठवलं." भेटीबद्दल अवाक्षर नाही. बहीण हिरमुसली. मला मात्र ते उत्तर आवडलं, कारण त्याने तिच्या तपशिलाला स्वतःचा तपशील जोडला होता. तिने आजीबद्दल दोन ओळी विचारल्या आणि तारखेचं काही काढलं नाही. चौथ्या दिवशी त्याचाच मेसेज आला, रविवारी संध्याकाळी मोकळी आहेस का म्हणून.