क्लच उक्ता, बोल्ट तासावर

पावसाळा संपता संपता गुहागरहून एक स्विफ्ट आमच्या चिपळूणच्या गॅरेजमध्ये आली. क्लच घसरत होता. घाट चढताना इंजिन ओरडायचं, पण गाडी पुढे सरकायची नाही. मालक निवृत्त शिक्षक. त्यांनी आल्या आल्या सांगितलं, "मला एकच आकडा सांगा. नंतर वाढवायचा नाही."

क्लचचा एकच आकडा सांगता येतो. गिअरबॉक्स उतरवणं, क्लच सेट बदलणं, पुन्हा बसवणं हे काम आम्ही नेहमी करतो. मी त्याला सहा तास धरतो. माझा तास 500 रुपयांचा आहे. भाडं, पगार, वीज आणि हत्यारांची झीज मिळून महिन्याला साधारण 1,10,000 खर्च येतो. दोन मेकॅनिकचे मिळून 400 तास होतात, पण गाडीची वाट बघणं, पार्ट आणणं, ट्रायल मारणं यात निम्मे जातात आणि बिलात लागतात जेमतेम 220. भागाकार केला की 500 येतात. म्हणून मजुरी 3,000, उक्ती.

सरांनी लगेच विचारलं, "तुमच्या माणसाने साडेचार तासांतच केलं तर?" तरी 3,000. तो हात बसलेला माणूस आहे, त्याच्या सफाईचा फायदा गॅरेजला मिळायलाच हवा. आणि नव्या पोराला आठ तास लागले तरीही 3,000च. त्याच्या शिकण्याचे पैसे गिऱ्हाइकाने का द्यायचे?

पण किनाऱ्यावरच्या गाडीत एक गोष्ट आधी दिसत नाही. गिअरबॉक्स उतरवताना चाक फिरवणारा ड्राइव्ह शाफ्ट बाहेर काढायला लोअर आर्मचा बॉल जॉइंट नकलमधून, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या लोखंडी भागातून, सोडवावा लागतो. तो एका आडव्या बोल्टने आवळलेला असतो, आणि खारी हवा त्या बोल्टला नकलमध्येच गंजवून टाकते. म्हणून मी आधीच सांगितलं, "सर, क्लच उक्ता. गंजलेलं काही अडलं तर ते तासावर, आणि आधी फोन करीन."

डावी बाजू सुटली. उजवीकडचा नट निघाला, बोल्ट मात्र हलेना. गंज सोडवणारं तेल मारून थांबलो, हातोडीने टिचक्या मारल्या. पान्याला बोल्ट फिरतोय असं वाटलं, पण डोकं तेवढं फिरत होतं आणि दांडा जागचा हलत नव्हता. असं झालं की तो पिळवटून तुटणार हे नक्की. तुटलाच. आता गॅसने नकल तापवायचा किंवा ड्रिलने दांडा पोखरून काढायचा. तापवलं तर बॉल जॉइंटचं रबर जळतं. मात्र या गाडीचा तो जॉइंट तसाही खुळखुळत होता.

तिथेच काम थांबवून सरांना फोन केला. तुटलेल्या बोल्टचा फोटो पाठवला. "दोन तास लागतील, 1,000 रुपये. तीन तासांच्या वर गेलं तरी 1,500च्या पुढे घेणार नाही. उजवा लोअर आर्म नवा घालावा लागेल." ते म्हणाले, "करा." दोन तासांतच निघाला.

लोअर आर्म बदलण्याची माझी वेगळी मजुरी 400 आहे. ती लावली नाही. आर्म क्लचसाठी अर्धा सुटलेलाच होता, आणि त्या वेळेचे पैसे 3,000 आणि 1,000 मध्ये आलेले होते. दोन उक्ती कामं एकमेकांत शिरली की दोन्ही मजुऱ्या पूर्ण लावणं म्हणजे एकाच तासाचे दोनदा पैसे घेणं. गिऱ्हाइकाला ते बहुतेक वेळा कळत नाही, म्हणूनच तिथे जपून राहावं लागतं.

संध्याकाळी सर बिल घेऊन बसले. क्लच सेट 5,600. पाकिटावर एमआरपी 5,800, माझी खरेदी 4,900. "हाच सेट मला ऑनलाइन 5,100ला दिसतोय," ते म्हणाले. मी खरेदीचं बिल समोर ठेवलं. यात माझे 700 आहेत, म्हणजे खरेदीवर सुमारे 14 टक्के. एमआरपीच्या वर कायद्याने जाता येत नाही, आणि जायचंही नाही. पण सहा महिन्यांत सेटमधलं रिलीज बेअरिंग वाजायला लागलं तर कंपनी फार तर बेअरिंग बदलून देईल. गिअरबॉक्स पुन्हा उतरवायची 3,000ची मजुरी मी सोडतो. ते 700 त्या जोखमीचे आणि पार्ट चुकीचा आला तर मारायच्या फेऱ्यांचे. तुम्ही आणलेला सेट मी 3,000त बसवून देईन, पण दुसऱ्यांदा उतरवायचं झालं तर पुन्हा 3,000 लागतील. आर्मवर 1,400च्या खरेदीला 300 लावले होते. नट-बोल्ट 60चा, तो छापील किमतीलाच.

मजुरी कमी दाखवायची आणि पार्टमध्ये भरून काढायची, ही रीत मला पटत नाही. त्या हिशोबात महागडा पार्ट बदलणारा मेकॅनिक कमावता ठरतो आणि वायर शोधून गाडी नीट करणारा तोट्यात दिसतो.

सरांनी पैसे दिले आणि म्हणाले, "हॉर्न कधी वाजतो, कधी नाही. त्याचा उक्ता आकडा?"

"त्याला नाही सर. शोधायला एक तास, 500. सापडलं नाही तर पुढे जायच्या आधी फोन."

त्यांनी सोमवार सकाळची वेळ घेतली.