आमची वाटचाल: दोन ओळींमधली जागा

वडिलांचा छापखाना औरंगाबादेत शहागंजच्या बाजूला होता. शिळा दोन. कातिबचाचा पिवळ्या लेपाच्या कागदावर बोरूने सुलट लिहायचे. तो कागद शिळेवर दाबला की अक्षर उलटं उतरायचं आणि छापताना पुन्हा सुलट व्हायचं. कुरआनची वरची अरबी ओळ जाड बोरूने नस्ख वळणात, खालचा उर्दू अर्थ बारीक बोरूने नस्तालीकमध्ये. असं दोन ओळींचं काम आमच्याइतकं नेटकं जिल्ह्यात कुणी करत नव्हतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो.

बीडकडच्या एका मदरशातले मौलाना आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. खालची ओळ इतकी अवघड का, हे मला त्यांनीच समजावलं. अठराव्या शतकात दिल्लीच्या शाह वलीउल्लाह यांनी कुरआनचा फारसी तर्जुमा, म्हणजे अनुवाद, केला, त्याचं नाव 'फतहुर्रहमान'. फारसी अरबीखाली सुखाने बसते. 'मालिकि यौमिद्दीन'खाली 'मालिक-ए-रोज़-ए-जज़ा' लिहिलं की मालकाखाली मालक येतो आणि दिवसाखाली दिवस. उर्दूत तसं जमत नाही. त्यांचे चिरंजीव शाह रफीउद्दीन यांनी शब्दाखाली शब्द हीच रीत धरली, म्हणून त्यांची उर्दू 'मालिक दिन जज़ा का' अशा वळणाने जाते. त्यांचेच धाकटे भाऊ शाह अब्दुल कादिर यांनी मात्र प्रस्तावनेतच सांगून टाकलं की हिंदीची, म्हणजे त्या काळच्या उर्दूची, वाक्यरचना अरबीपासून फार दूर आहे, तेव्हा शब्दशः उतरवण्याची गरज नाही. त्यांच्या तर्जुम्याचं नाव 'मूज़िह-ए-कुरआन'. अबजद पद्धतीत प्रत्येक अक्षराला एक आकडा असतो; या नावातल्या अक्षरांचे ते आकडे मिळवले की १२०५ येतात. तेच त्याचं हिजरी साल, म्हणजे इसवी १७९०-९१.

बोलीतलं वाक्य 'जज़ा के दिन का मालिक' असं होतं. वरच्या ओळीतला पहिला शब्द खाली शेवटी जातो. आयत, म्हणजे कुरआनातलं वचन, लांब असली तर अर्थ पुढच्या ओळीत सांडतो. कातिबचाचा ते नजरेने सांभाळायचे. वरचं एखादं अक्षर ताणायचे, खालचे शब्द एकमेकांवर चढवायचे, पण आयत संपल्याचा गोल दोन्ही ओळींत जवळजवळ एकाच जागी आणायचे.

१९९७ साली चाचांचा हात थरथरू लागला, म्हणून आम्ही संगणकावर इनपेज हे उर्दू जुळणीचं सॉफ्टवेअर घेतलं. अब्दुल कादिरांचा तर्जुमा छापायचं काम मौलानांनीच दिलं. आमच्या प्रिंटवर सगळं बरोबर होतं. छपाईची फिल्म बाहेरून काढली. तिथल्या यंत्रावर अरबीचा फॉन्ट जरा रुंद होता. वरच्या ओळी एकेक शब्दाने पुढे सरकल्या, खालच्या जागेवरच राहिल्या. पान दिसायला निर्दोष. बांधून झालेल्या प्रतीत मौलानांनी बोट ठेवलं, "बेटा, वर आयत इथे संपते, मग अर्थ मागच्या ओळीतच कसा संपला?"

सोळा पानांचे दोन फर्मे, अकराशे प्रती. हा कागद रद्दीत घालता येत नाही. पोत्यांत भरून आम्ही तो अदबीने दफन केला. फिल्मवाल्याने हात वर केले. वडिलांचं कटिंग मशीन विकून मी दोन्ही फर्मे पुन्हा छापले. चाचांनी नव्या फिल्मवर जिथे नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, तुटले होते तिथे बारीक ब्रशने स्वतः भरले. मौलानांनी पूर्ण पैसे दिले, आधीच्या नुकसानीचा शब्दही काढला नाही.

वर्षभरात शेजारच्या शहरातून तेच पुस्तक निम्म्याच्या आसपास किमतीला आलं. आमच्याच पानांचे फोटो. चाचांनी ब्रशने भरलेला नुक्ता बोरूच्या नुक्त्यासारखा चौकोनी नसतो, जरा गोलसर होतो. तो नुक्ता त्यांच्या पुस्तकात जसाच्या तसा आहे. ती प्रत माझ्याकडे अजून आहे. पंचवीस वर्षं झाली, राग गेलेला नाही.

या धंद्यात नवीन येणाऱ्यांना सांगतो: प्रूफ फक्त संगणकाच्या प्रिंटवर तपासून थांबू नका, फिल्म किंवा प्लेट निघाल्यावर पुन्हा तपासा. उर्दू वाचता येत नसेल तरी चालेल, आयतींचे गोल मोजा. वरच्या ओळीत तीन आणि तिच्या अर्थात दोन दिसले तर काम थांबवा. आणि अरबीसाठी वापरलेला फॉन्ट फाइलसोबत द्या, समोरच्याकडे तो असेलच असं धरू नका.

सध्या मराठीचं काम हातात आहे. अरबी उजवीकडून आणि मराठी डावीकडून चालते, त्यामुळे ओळीखाली ओळ बसतच नाही. म्हणून प्रत्येक अरबी शब्दाला चौकट केली, तिच्यात खाली मराठी शब्द आणि पानाच्या तळाशी सलग अर्थ. परवा पहिला प्रूफ निघाला. चौकटी उजवीकडून वाचल्या: मालक, दिवसाचा, निवाड्याच्या. शाह रफीउद्दीनांच्या उर्दूचंच वळण. तळाशी छापलंय, 'निवाड्याच्या दिवसाचा मालक'.