मुदतवाढीचा ईमेल आणि तीन जोडलेले हात

गुरुवार, रात्र

तृतीय वर्षाच्या प्रकल्प अहवालांची मुदत उद्या सायंकाळी पाच वाजता संपते, आणि दरवर्षीप्रमाणे शेवटच्या दोन दिवसांत मुदतवाढ मागणारे ईमेल येऊ लागले आहेत. त्यांतील एकाविषयी सविस्तर लिहून ठेवावेसे वाटते. ज्याने तो पाठवला त्याची अडचण खरी होती, त्याला मुदतवाढ मिळायलाच हवी होती, आणि तरीही त्याच्या पत्रावरून मला कोणताच निर्णय घेता येत नव्हता. त्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. विषयाच्या जागी ‘एक्स्टेन्शन 🙏’ एवढेच होते, आणि खाली हा मजकूर:

‘मॅम 🙏🙏🙏 आजोबा सोलापूरला ॲडमिट होते 😭 प्रोजेक्टला थोडा वेळ मिळेल का प्लीज 🥺 सर्व्हे थोडाच राहिलाय 😅’

पहिल्या वाचनात माझ्या काळजात धस्स झाले. ‘ॲडमिट होते’ असा भूतकाळ, त्यापुढे रडणारा चेहरा आणि आधी तीन वेळा जोडलेले हात, हे सगळे एकत्र वाचल्यावर आजोबा गेले, असाच माझा समज झाला. आपल्याकडे या जोडलेल्या हातांना किती कामे लावली आहेत, ते कोणताही व्हॉट्सॲप गट उघडून पाहावे. सकाळी तोच नमस्कार असतो, दुपारी तीच विनंती, कोणी मदत केली की तेच आभार, आणि कोणाच्या निधनाची बातमी आली की तिच्याखाली तीच श्रद्धांजली. गटात मागचा-पुढचा संदर्भ असतो, म्हणून घोटाळा होत नाही. एकट्या ईमेलला तो आधार नसतो. सांत्वनाची दोन वाक्ये मी लिहिलीही होती, पण पाठवण्यापूर्वी त्याला फोन करावा असे वाटले. आजोबा सुखरूप होते. अतिदक्षता विभागातून त्यांना साध्या कक्षात हलवले होते, एवढाच त्या भूतकाळाचा अर्थ होता.

त्यानंतर मी तो ईमेल पुन्हा, जरा थंडपणे वाचला, तेव्हा ध्यानात आले की प्रत्येक इमोजी जिथे एखादी माहिती यायला हवी होती नेमक्या त्याच जागी बसला आहे. रडणाऱ्या चेहऱ्याच्या जागी ‘सोमवारपासून दाखल आहेत आणि रात्री त्यांच्यापाशी मी थांबतो’ हे यायला हवे होते. डोळे मोठे करून आर्जव करणाऱ्या चेहऱ्याने नव्या तारखेची जागा घेतली होती. ‘थोडाच राहिलाय’ यापुढच्या ओशाळ्या हसण्यामागे तर खरा आकडा लपला होता. लिहिणाऱ्याला मात्र आपण सर्व काही सांगितले असे प्रामाणिकपणे वाटते, कारण चित्र टाकताना ती भावना त्याच्या मनात पूर्णपणे हजर असते. वाचणाऱ्यापर्यंत भावना पोचतेही, पण तिच्या आधाराने मंजुरी देता येत नाही. वर्गात त्याच पहिल्या नावाचे दोन विद्यार्थी आहेत, खाली आडनाव नाही, हजेरी क्रमांक नाही, आणि ईमेलचा पत्ता टोपणनावाचा. त्यामुळे हे पत्र कोणाचे, हेसुद्धा फोन लागेपर्यंत निश्चित नव्हते.

विद्यार्थ्यांना सहसा ठाऊक नसते की असे पत्र एकट्या शिक्षकासाठी नसते. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण विद्यापीठाच्या पोर्टलवर ठरावीक तारखेपर्यंत भरावे लागतात. एखाद्याला सवलत दिली तर ती का दिली, याचा कागद विभागाच्या फाईलमध्ये लागतो. म्हणून मी तो ईमेल विभागप्रमुखांना पुढे पाठवते आणि त्याची छापील प्रत लावते. आमच्या काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर हे चेहरे करड्या ठिपक्यांसारखे उमटतात. विभागातील एक सहकारी अंध आहेत आणि संगणकाकडून ईमेल वाचून घेतात. त्यांच्या कानावर प्रत्येक चित्राचे इंग्रजी नाव पडते. ‘मॅम’नंतर तीनदा ‘फोल्डेड हँड्स’, मग आजोबांच्या आजाराच्या वाक्याशेवटी एका सुरात ‘लाउडली क्रायिंग फेस’, असे ते पत्र ऐकून पाहावे.

एला ग्लिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या निमित्ताने आठवला. कामासंबंधीच्या औपचारिक ईमेलमधील हसऱ्या चेहऱ्यामुळे लिहिणारा अधिक आपुलकीचा वाटत नाही, उलट कमी सक्षम वाटतो, असे त्यात दिसून आले होते. तो परिणाम अनोळखी माणसांच्या पहिल्या संपर्कातला होता आणि प्रसंग अनौपचारिक असेल तिथे तो आढळला नाही, हेही सांगायला हवे. मी या मुलाला दोन वर्षे ओळखते, त्यामुळे चित्रांवरून त्याची पात्रता ठरवण्याचा प्रश्न माझ्यापुरता नव्हता. विभागप्रमुखांनी मात्र त्याला कधी पाहिलेले नाही, आणि अंतिम सही त्यांची असते.

फोनवर मी त्याला चार गोष्टी विचारल्या आणि त्याच लिहून पाठवायला सांगितले. तासाभराने आलेले पत्र असे होते:

‘विषय: प्रकल्प अहवालास मुदतवाढ मिळण्याबाबत (तृतीय वर्ष अर्थशास्त्र, हजेरी क्र. ४७)

आदरणीय मॅडम,

माझे आजोबा सोमवारपासून सोलापूर येथे रुग्णालयात दाखल आहेत आणि रात्री त्यांच्यापाशी मी थांबतो. त्यामुळे शुक्रवारी सायंकाळी ५ वाजेपर्यंत अहवाल देणे मला शक्य होणार नाही. ३० भाजीविक्रेत्यांपैकी १८ जणांच्या प्रश्नावल्या भरून झाल्या आहेत. उरलेल्या १२ मी रविवारी परतल्यावर भरेन. अहवाल पुढील बुधवारी सायंकाळी ५ वाजेपर्यंत सादर करण्याची परवानगी द्यावी, ही विनंती. रुग्णालयाच्या कागदाची प्रत सोबत जोडली आहे. मुदतवाढ शक्य नसल्यास १८ प्रश्नावल्यांवर आधारित अहवाल शुक्रवारी पाठवीन.’

शेवटी पूर्ण नाव होते. या पत्रातील मला सर्वांत आवडलेले वाक्य शेवटचे आहे, आणि ते मी सुचवलेले नव्हते. नकार आला तर काय करणार हे विद्यार्थ्याने आधीच सांगितले, की शिक्षकावरचे दडपण उतरते, आणि गंमत म्हणजे होकार देणे त्यामुळेच सोपे होते. ‘१८ झाल्या, १२ राहिल्या’ या आकड्यांनीही मोठे काम केले: काम खरोखर चालू होते हे दिसले, आणि बारा प्रश्नावल्यांना किती वेळ लागेल याचा अंदाज मला स्वतःला बांधता आला. कळवळा या पत्रातही आहेच. रात्री रुग्णालयात थांबणारा मुलगा त्या एका वाक्यात मला स्पष्ट दिसला.

बुधवार मात्र देता आला नाही, कारण गुरुवारी गुण भरायचे आहेत आणि तपासायला एक दिवस तरी हवा. मंगळवार दुपारपर्यंतची मुदत दिली आणि भरलेल्या १८ प्रश्नावल्यांची छायाचित्रे उद्या पाठवायला सांगितली. ‘थँक्यू मॅम 🙏’ असे त्याचे उत्तर आले, त्याला मी काही म्हटले नाही. निर्णय झाला होता, आणि आभाराच्या ओळीतल्या त्या हातांचा अर्थ लावण्यात घोटाळा होण्यासारखे काही नव्हते.

पुढच्या सत्राच्या प्रकल्प-सूचनांमध्ये मुदतवाढीसाठी एक परिच्छेद घालणार आहे: पूर्ण नाव व हजेरी क्रमांक, झालेले आणि राहिलेले काम, कारण, मागितलेली तारीख. इमोजीचा उल्लेख त्यात करावा की नाही, हे अजून ठरलेले नाही. विभागप्रमुखांचे मत करावा असे आहे. मला वाटते, एवढे सगळे लिहून झाल्यावर चेहरे टाकायला मुलांना फारशी जागाच सापडणार नाही.