ताठर वेतन की ताठर किमती?

तुम्ही विचारलंत: “अल्पकालीन एकूण पुरवठा वक्र वर चढतो तो वेतन ताठर असतं म्हणून की किमती ताठर असतात म्हणून? परीक्षेत दोन्ही लिहितो, पण दोन्ही एकच गोष्ट नाही का?”

एकच नाही. दोन्हींचा शेवट सारखा आहे, म्हणजे किंमत पातळी अपेक्षेपेक्षा खाली आली की उत्पादन घटते. पण तिथवर पोहोचण्याची वाट वेगळी आहे, आणि त्या वाटेवर वास्तव वेतन, म्हणजे किमतींच्या तुलनेत मोजलेले वेतन, एकात वाढते, तर दुसऱ्यात वाढेलच असे नाही. हा फरक माझ्या मते पाठ्यपुस्तकांत फार घाईने उरकला जातो.

आधी वेतन घेऊ. एका सूतगिरणीने कामगारांशी करार केला, रोज ६०० रुपये. करार करताना दोन्ही बाजूंच्या मनात किमतींचा काही अंदाज होता. समजा, कापूस आणि वीज वजा जाता गिरणीला दर किलो सुतामागे ४० रुपये सुटतील असा. म्हणजे कामगार गिरणीला १५ किलो सुताला पडतो. यंत्रे तेवढीच असताना माणसे वाढवत गेले की प्रत्येक नव्या माणसामुळे होणारी भर कमी होत जाते, म्हणून गिरणी ज्याची भर १५ किलोची आहे त्या माणसापर्यंत भरती करते आणि थांबते. आता देशभर मागणी मंदावली, सगळ्याच किमती ६ टक्क्यांच्या आसपास उतरल्या आणि किलोमागे ४० ऐवजी ३७.५० रुपये सुटू लागले. कराराचे ६०० मात्र ६००च राहिले. तोच कामगार आता १६ किलोला पडतो, आणि ज्यांची भर १६ किलोपेक्षा कमी आहे त्यांना ठेवणे तोट्याचे होते. माणसे कमी होतात, सूत कमी निघते. किमती अंदाजापेक्षा चढल्या तर हेच उलट घडते, कामगार स्वस्त पडतो आणि भरती वाढते. इथे किमती मोकळेपणाने हलल्या आहेत, अडून बसले आहे ते फक्त वेतन. ज्यांची नोकरी टिकली त्यांचे वास्तव वेतन मंदीत वाढले, हे लक्षात ठेवा, कारण पुढे त्याच्यावरच सगळे अवलंबून आहे.

किमतींच्या ताठरतेची गोष्ट गिरणीत सांगता येत नाही, कारण सुताचा भाव बाजार ठरवतो. त्यासाठी स्वतःचा दर स्वतः ठरवणारा विक्रेता लागतो. एक खानावळ घ्या. थाळीचा दर १२०, एका थाळीचा वाढीव खर्च ८०, रोज १०० थाळ्या खपतात आणि नफा ४,००० रुपये. दर एका रुपयाने वाढवला की अडीच थाळ्या कमी खपतात, असे धरले तर १२० हाच तिचा सर्वांत फायद्याचा दर ठरतो. आता मागणी पडली आणि त्याच दराला ७५ थाळ्याच जाऊ लागल्या. नफा ३,००० वर आला. मालकाने नव्याने हिशेब मांडला तर योग्य दर ११५ निघतो, त्या दराला ८७-८८ थाळ्या खपतात आणि नफा सुमारे ३,०६२ होतो. म्हणजे दर बदलून त्याच्या पदरात रोजचे ६२ रुपये पडणार. त्यासाठी पाटी आणि मेनूकार्ड बदला, नेहमीच्या गिऱ्हाइकांना समजावा, आणि महिन्याभराने पुन्हा वाढवायची वेळ आली तर कुरकुर ऐका. तो दर बदलत नाही, आणि यात त्याचा आळस नाही, हिशेबच तसा आहे. पण मालकाचे नुकसान २ टक्के असताना बारा-तेरा थाळ्या शिजल्याच नाहीत. तेवढ्या भाज्या विकत घेतल्या गेल्या नाहीत आणि वाढप्याचे तास कमी झाले. एकट्याचे नुकसान क्षुल्लक आणि समाजाचे मोठे, हा मुद्दा १९८५ मध्ये ग्रेगरी मँकिव यांनी, आणि त्याच वर्षी जॉर्ज अकरलॉफ व जॅनेट येलेन यांनी वेगळ्या मांडणीतून पुढे आणला. मेनू बदलण्याचा खर्च इतका किरकोळ असताना त्यामुळे मंदी कशी येईल, या शंकेचे उत्तर त्या ६२ रुपयांत आहे.

सगळ्याच विक्रेत्यांनी पाट्या तशाच ठेवल्या तर किंमत पातळी हलणारच नाही आणि वक्र आडवा होईल. तो चढता होतो कारण काही जण दर बदलतात आणि काही बदलत नाहीत. बदलणाऱ्यांमुळे पातळी उतरते आणि न बदलणारे इतरांच्या तुलनेत महाग ठरून विक्री गमावतात. अशा मंदीत मालकाला माणसे नको असतात ती पगार जास्त पडतो म्हणून नव्हे, तर गिऱ्हाईकच नाही म्हणून. त्यामुळे वास्तव वेतन स्थिर राहू शकते किंवा घसरूही शकते.

आता खरे काय घडते ते पाहू. मंदीत वास्तव वेतन वाढते, असे केन्सने १९३६ मध्ये धरले होते. जॉन डनलॉप यांनी १९३८ मध्ये आणि लॉरी टार्शिस यांनी १९३९ मध्ये आकडेवारीच्या आधारे त्यावर आक्षेप घेतला, आणि केन्सने १९३९ मध्येच आपला मुद्दा बराच सैल केला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत वास्तव वेतन बहुधा तेजीबरोबर थोडेसे वाढते आणि मंदीबरोबर थोडेसे उतरते. हे एकट्या ताठर वेतनाच्या स्पष्टीकरणात बसत नाही. १९३० च्या दशकाचे मात्र तसे नाही. बॅरी आयकनग्रीन आणि जेफ्री सॅक्स यांनी १९८५ मध्ये दाखवले की ज्या देशांनी चलनाचे मोल सोन्याशी बांधणारे सुवर्णमानक लवकर सोडले त्यांच्याकडे किमती सावरल्या, वास्तव वेतन कमी राहिले आणि उत्पादन लवकर वर आले.

म्हणून मी दोहोंपैकी एक निवडत नाही. खानावळीच्या हिशेबात मी थाळीचा खर्च ८० वरच धरला होता. वेतन लवचीक असते आणि खर्च ७५ वर आला असता, तर दर न बदलण्याची किंमत ६२ वरून १४० रुपयांवर गेली असती, आणि पाटी बदलण्याचा मोह दुपटीहून जास्त झाला असता. म्हणजे वेतन अडून बसलेले असते, म्हणूनच किमतींनाही अडून बसणे परवडते.

वेतन किती अडून बसते याचे उदाहरण मुंबईतच आहे. १९२० च्या दशकाच्या मध्यात किमती उतरत होत्या, रुपयाचा दर १६ पेन्सवरून १८ पेन्सवर गेला होता आणि कापडाला उठाव नव्हता. गिरणीमालकांनी १९२५ मध्ये साडेअकरा टक्के वेतनकपात जाहीर केली. सप्टेंबरमध्ये सार्वत्रिक संप झाला. कामगारांनी तो डिसेंबरपर्यंत चालवला. सरकारने कापडावरचा साडेतीन टक्क्यांचा अबकारी कर स्थगित केल्यावर मालकांनी कपात मागे घेतली. जपानी मालाची स्पर्धाही असल्यामुळे हे निव्वळ मागणी घटल्याचे उदाहरण नाही, हे मान्य करावे लागते. पण रुपयांतले वेतन खाली आणणे किती अवघड असते ते यात स्पष्ट दिसते. गिरण्यांमध्ये मोठी कपात प्रत्यक्षात आली ती १९३३ च्या सुमारास, आणि तिच्याविरुद्धही १९३४ मध्ये संप झाला. पाठ्यपुस्तकातला ‘अल्पकाळ’ किती वर्षांचा, असे कुणी विचारले की मी १९२५ आणि १९३३ ही दोन साले सांगतो.